विहिरीतला भोपळा आणि कालव्यातलं लाइफ जॅकेट : एक पार्श्वभूमी

'पट्टीचा पोहणारा होता, तरी कालव्यात गेला.' कालव्याकाठच्या गावांत हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच. लोक मग दैवाला बोल लावतात, पाण्याला ओढ होती म्हणतात. दैवाचा यात काही संबंध नाही. आपल्याकडचं पाणीच गेल्या साठ वर्षांत बदललं, आणि त्यात उतरायच्या आपल्या सवयी मात्र विहिरीच्याच राहिल्या.

माझ्या पिढीतले बहुतेक जण विहिरीत पोहायला शिकले. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक हातात धरून काठावर बसलेला काका. त्याच्याही आधी नदी ओलांडायला सांगड होती. दोन पोकळ भोपळे किंवा दोन होड्या एकमेकींना बांधल्या की सांगड झाली. आपण दोन गोष्टींची 'सांगड घालतो' ते तिथूनच. तरंगणारी वस्तू, दोर आणि काठावरचा जागा माणूस, एवढ्यावर ही रीत उभी होती. विहिरीचं पाणी एका जागी उभं असतं, धरायला कपार असते, पायऱ्या असतात. दमलेला माणूस दगड धरून निवांत श्वास घेऊ शकतो.

1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि 1976 साली इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. पैठणहून निघालेला डावा कालवा 208 किलोमीटर, उजवा 132 किलोमीटर. ज्या गावांनी उन्हाळ्यात वाहतं पाणी पाहिलंच नव्हतं, त्यांच्या शिवारातून ऐन एप्रिलमध्ये आवर्तनाचं भरलेलं पाणी जाऊ लागलं. शेती फुलली, यात वाद नाही. पण या पाण्याला काठ असा नव्हताच. होता तो उतार.

पाझर थांबावा आणि पाणी वेगानं पुढं जावं म्हणून कालव्याला काँक्रीटचं अस्तर करतात. बाजूंचा उतार साधारण दीडास एक असतो, म्हणजे दीड मीटर आडवं तर एक मीटर खाली. कोरड्या अस्तरावरून माणूस सहज चालत उतरतो, आणि इथंच फसगत होते. पाण्याच्या रेषेच्या जरा खाली शेवाळाचा पातळ थर असतो. वरून तो ओल्या सिमेंटसारखाच दिसतो, हात लावल्यावर बुळबुळीत लागतो. त्यावर पाय ठरायला जेवढी पकड लागते, तिच्या जवळपासही हे शेवाळ जात नाही. बोट रुतवायला फट नसते, झुडूप नसतं. पाण्यात असेपर्यंत ओले कपडे फार जड लागत नाहीत, पण उतारावर अंग वर काढताना त्यांचं सगळं वजन एकदम जाणवतं. लुगड्याचं तर विचारूच नका.

आता नेहमीचा प्रसंग घेऊ. कालव्याच्या कडेला मोटार बसवलेली आहे, पाइप पाण्यात सोडलाय. फुटव्हॉल्व्हला, म्हणजे आपल्या भाषेत फुटबॉलला, कचरा अडकून पाणी ओढणं बंद झालं. शेतकरी आधी मोटारीचा फ्यूज काढतो. हे तो न चुकता करतो, कारण शॉकची भीती त्याला ठाऊक आहे. मग उतारावरून दोन पावलं खाली जातो, पाइप हलवायला वाकतो आणि घसरतो. पाणी सेकंदाला एक मीटर वेगानं चाललंय असं धरू. दिसायला हा वेग संथ असतो. पण मुलगा मोटारीच्या खोलीत जाऊन, दोर शोधून, त्याचा गुंता सोडवून येईपर्यंत दोन मिनिटं गेली, तर बाप 120 मीटर पुढं गेलेला असतो.

पोहता न येणारा माणूस पाण्याच्या वर जेमतेम 20 ते 60 सेकंद झगडतो. तेव्हा तो ओरडत नाही. तोंड वर आलं की श्वास घ्यावा की हाक मारावी, एवढीही सवड नसते. पोहणारा वेगळी चूक करतो. जिथं पडला तिथूनच वर यायला बघतो, प्रवाहाला तोंड देतो, उतारावर चारपाच वेळा घसरतो आणि दमतो. त्यानं पाठीवर व्हायचं, पाय पुढं करायचे आणि वाहत जाऊन शिडी किंवा पायऱ्या गाठायच्या. ठराविक अंतरावर अशा शिड्या हव्यात. पुष्कळ ठिकाणी त्या तुटल्यात किंवा गाळात गेल्यात. पुढं नाल्याखालून जाणारा सायफन असेल तर त्याच्या अलीकडंच बाहेर पडायला हवं. सायफनच्या तोंडाशी पाणी माणसाला खाली ओढतं आणि तिथं पोहणं कामाला येत नाही.

लाइफ जॅकेट जन्माला आलं ते समुद्रावर. 1854 च्या सुमारास इंग्लंडमध्ये कॅप्टन वॉर्ड यांनी जीवरक्षक नावांवरच्या माणसांसाठी बुचाचं जॅकेट तयार केलं. 1861 साली व्हिटबी बंदरात वादळात अशी एक नाव उलटली आणि 13 पैकी 12 जण बुडाले. वाचलेल्या हेन्री फ्रीमनच्या अंगात नवं बुचाचं जॅकेट होतं. पुढं बुचाच्या जागी सावरीच्या जातीतला हलका कापूस आला, मग फोम. हिशोब मात्र भोपळ्याचाच राहिला. पाण्यात माणसाचं वजन फार थोडं उरतं, त्यामुळं पाचसात किलोचा उचल मिळाला तरी तोंड वर राहतं. 50 न्यूटनचं जॅकेट साधारण पाच किलो उचलतं आणि ते शुद्धीत असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसासाठी असतं. 100 न्यूटनवाल्याला मानेमागं आधार असतो, म्हणून धरणाच्या दरवाज्यांवर काम करणाऱ्याला तेच द्यावं. बकल लावलं नाही तर दोन्ही जॅकेटं पाण्यात वर सरकून कानांपाशी येतात. उन्हात पडून कडक झालेला, दाबल्यावर पुन्हा न फुगणारा फोम बाद समजावा.

कायद्यातही पाणी आलं, पण उशिरा. बांधकाम मजुरांच्या 1996 च्या कायद्याखाली 1998 साली केंद्रीय नियम आले. पाण्यात पडण्याचा धोका असेल तिथं बुडण्यापासून वाचायची साधनं द्यावीत, आणि गरज पडल्यास प्रशिक्षित माणसांसह नाव ठेवावी, असं त्यात होतं. हे बांधकामावरच्या मजुरासाठी होतं. मोटारीचा पाइप हलवणारा शेतकरी, थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं टाकणारा भोई, कालव्यावर कपडे धुणारी बाई यांना त्यात जागा नव्हती. त्यांच्यासाठी ना ठेकेदार आहे ना जॅकेट.

म्हणून मोटारीच्या खोलीत एक साधी वस्तू असावी असं मला कळकळीनं वाटतं. पाच लिटरचा झाकणाचा रिकामा कॅन, त्यात पेलाभर पाणी आणि मुठीला बांधलेला वीस मीटर दोर. पेलाभर पाण्यामुळं कॅन वाऱ्यावर भरकटत नाही, नेमका जातो. आणि उचल जवळपास पाच किलोचाच मिळतो. दोर गाठी न पडता पिशवीत सोडत सोडत भरावा आणि पिशवी खुंटीला टांगावी, कुलपात ठेवू नये.

माणूस पडला तर काठाच्या रस्त्यानं पळत त्याच्या पुढं जायचं, कारण आपण पाण्यापेक्षा वेगानं पळू शकतो. दहापंधरा मीटर पुढं गेल्यावर खाली बसायचं, टाचा रोवायच्या, नावानं हाक मारायची आणि कॅन त्याच्या डोक्यापलीकडं टाकायचा. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, ओढायचीही घाई करायची नाही. नुसता घट्ट धरून ठेवला की प्रवाहच त्याला झोका देऊन आपल्या कडेला आणतो. वर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबत किंवा उलटा धरत बसू नये. उताणा झोपवून, नाक चिमटून तोंडानं आधी पाच श्वास द्यायचे, मग छाती दाबायला सुरुवात करायची, आणि दुसऱ्या कुणीतरी 108 ला फोन लावायचा.