घरी राहिलेल्या बायकांचा पगार किती?

शिक्षणाचं एक वर्ष वाढलं की पगार किती वाढतो? हे मोजायला पगाराचे आकडे लागतात, आणि ते मिळतात फक्त नोकरी करणाऱ्यांचे. जी घरी आहे तिला बाजारात किती पगार मिळाला असता, याचा रकाना कोराच. कोरी ओळ वगळून पुढे जावं असं कुणालाही वाटेल, पण फसगत तिथेच होते.

एक छोटा काल्पनिक हिशोब करू. कमी शिकलेल्या तीन बायकांना रोजचे 50, 100 आणि 150 रुपये मिळू शकतात, जास्त शिकलेल्या तिघींना 100, 150 आणि 200. म्हणजे शिक्षणाचा खरा फायदा 50 रुपये. आता 90 रुपयांखाली घर सोडून कामाला जाणं कुणालाच परवडत नाही असं धरा. मग 50 वाली घरी राहते आणि कमी शिकलेल्यांची सरासरी 100 वरून 125 वर जाते. दुसऱ्या गटातल्या सगळ्या कामावर असल्याने त्यांची सरासरी 150 च राहते. आकडेवारीत फरक दिसतो 25 रुपयांचा. एकीनेही खोटं सांगितलेलं नाही, तरी शिक्षणाची किंमत निम्मी झाली. यालाच निवडीचा पक्षपात म्हणतात.

कारण असं, की कमी शिकूनही जी कामावर टिकते तिच्यात बहुधा सर्वेक्षणात न नोंदलेलं काहीतरी असतं: हातात कसब, ओळखीपाळखी, चिकाटी. हे ‘काहीतरी’ सहसा पगार ठरवतं आणि कामावर जायचं की नाही तेही ठरवतं.

जेम्स हेकमन यांनी 1979 साली यावरची दोन पायऱ्यांची रीत मांडली. 2000 सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेलमागे हे काम होतं. कल्पना अशी: घरी असलेलीचा पगार माहीत नसला तरी तिचं शिक्षण, वय, मुलं हे सगळं माहीत असतं. मग आधी ‘ती कामावर असण्याची शक्यता किती’ हे मोजायचं.

या विषयातला नेहमीचा नमुना अमेरिकेचा, 1975 सालचा आहे. 30 ते 60 वयाच्या 753 विवाहित गोऱ्या स्त्रिया, त्यांतल्या 428 जणी कमावत्या. पहिल्या पायरीत सगळ्या 753 जणींवर प्रोबिट, म्हणजे हो-नाही अशा उत्तराची शक्यता मोजणारं मॉडेल, लावतात. त्यातून प्रत्येकीचा एक आकडा निघतो, त्याला z म्हणू; तो जितका मोठा, तितकी ती कामावर असण्याची शक्यता जास्त. सहा वर्षांखालचं एक मूल असलं की z सुमारे 0.87 ने घसरतो. लहान मूल नसलेलीचा z 0.4 असेल तर ती कामावर असण्याची शक्यता 66 टक्के. बाकी सगळं तसंच ठेवून एक तान्हं मूल दिलं, तर 32 टक्के.

आता z वरून लॅम्डा काढायचा, म्हणजे उलटं मिल्स गुणोत्तर: त्या जागी सामान्य वक्राची उंची भागिले त्याच्या डावीकडचं क्षेत्रफळ.

```
λ(z) = φ(z) / Φ(z)
```

पहिलीचा लॅम्डा 0.56, दुसरीचा 1.12. शक्यता कमी असूनही जी कामावर आहे तिच्यात न नोंदलेलं बळ सरासरीने किती जास्त असेल, त्याचं हे माप. दुसऱ्या पायरीत फक्त 428 कमावत्या घ्यायच्या आणि पगाराच्या साध्या रिग्रेशनमध्ये शिक्षण-अनुभवाच्या जोडीला लॅम्डा हे आणखी एक चल घालायचं. जे आधी शिक्षणाच्या नावावर जमा होत होतं किंवा वजा होत होतं, ते आता लॅम्डाच्या खात्यात जातं.

स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पायऱ्या एका आज्ञेत होतात:

```
heckman lwage educ exper expersq, ///
 select(inlf = nwifeinc educ exper expersq age kidslt6 kidsge6) twostep
```

हाताने केलं तर मात्र दुसऱ्या पायरीच्या प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याची मापं, चुकीची छापून येतात, कारण लॅम्डा मोजलेला नसून अंदाजलेला आहे हे साध्या रिग्रेशनला कळत नाही.

खरी गोम select च्या कंसातल्या यादीत आहे. कामावर जाण्यावर परिणाम करणारं, पण पगारावर थेट न करणारं निदान एक चल तिथे हवं. इथे ते काम मुलं, वय आणि बायकोची सोडून घरातली बाकी कमाई यांच्याकडे दिलंय. असं चल नसेल तर काय होतं? z −0.5, 0, 0.5 असताना लॅम्डा 1.14, 0.80, 0.51 येतो, जवळजवळ सरळ रेषा. मग लॅम्डा हे शिक्षण-अनुभवाचंच मिश्रण ठरतं, दोघांना वेगळं करता येत नाही आणि प्रमाण त्रुटी फुगतात. आकडा येतो, पण तो वक्राच्या किंचित वाकण्यावर आणि ‘सामान्य वितरण’ या गृहीतकावर लटकलेला असतो. शिवाय मुलं खरंच पगारावर थेट परिणाम करत नाहीत का? मुलासाठी जवळची, कमी तासांची नोकरी धरली तर तासाचा दरही बदलू शकतो. हे संगणक तपासून देत नाही, वाद घालूनच ठरवावं लागतं.

या नमुन्यात दुरुस्तीपूर्वी शिक्षणाचा गुणांक 0.1075 होता, नंतर 0.109. पगाराचा लॉग घेतलेला असल्याने याचा अर्थ दर वर्षामागे साधारण 11 टक्के वाढ, होती तेवढीच. लॅम्डाचा गुणांक 0.032, म्हणजे वरच्या दोघींच्या पगारात त्यापायी फरक दोन टक्क्यांहूनही कमी. पण त्याची प्रमाण त्रुटी 0.134 आहे, म्हणून खरा आकडा उणे 0.23 ते अधिक 0.29 यात कुठेही असू शकतो. यावरून ‘निवडीचा पक्षपात नाहीच’ असं लिहिणारे बरेच भेटतात. 428 जणींच्या या नमुन्यात तो सापडला नाही, एवढंच म्हणता येतं.