लॅपटॉपची मेजावरील मांडणी

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर, कीबोर्ड व माउस डॉक किंवा हब या अनेक पोर्टच्या जोडपेटीच्या साहाय्याने जोडून त्याचा टेबलावरच्या संगणकासारखा उपयोग करण्याची पद्धत. लॅपटॉपची स्क्रीन आणि कीबोर्ड बिजागरीने एकमेकांना बांधलेले असल्यामुळे स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला आणावी तर हात खांद्यापर्यंत उचलावे लागतात आणि हात कोपराच्या पातळीवर ठेवावेत तर मान खाली घालावी लागते. ही अडचण चांगली खुर्ची घेऊन सुटत नाही. ती दोन्ही भाग वेगळे केल्यावरच सुटते. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली, अंतर साधारण हातभर, आणि कीबोर्ड कोपराच्या पातळीला असावा, एवढे पाळले की बसण्याची बाजू बरीचशी मार्गी लागते. बाजारात मिळणारे टेबल बहुधा 75 सेंटिमीटर उंच असते आणि बुटक्या माणसाला ते उंच पडते. अशा वेळी खुर्ची वर घेऊन पायाखाली पाट ठेवावा.

पुणे, मुंबईच्या कंपन्यांचे काम लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घरून करणाऱ्यांना ही मांडणी सोयीची वाटते ती मुख्यतः टाइप-सी पोर्टमुळे. एकच केबल लावली की चित्र, कीबोर्ड-माउस, नेटवर्क आणि चार्जिंग ही सगळी कामे होतात, आणि ती काढली की लॅपटॉप उचलून निघता येते. मात्र बहुतेक तक्रारींचे मूळही याच केबलमध्ये असते, कारण तिची क्षमता या कामांत वाटली जाते.

टाइप-सी पोर्टमध्ये जलद माहितीसाठी चार मार्गिका असतात. चारही चित्राला दिल्या तर मॉनिटरला भरपूर वाव मिळतो, पण हबवरचे यूएसबी पोर्ट जुन्या, संथ वेगाने चालतात. दोन चित्राला व दोन यूएसबीला दिल्या तर बाहेरची हार्ड डिस्क वेगाने चालते, पण चित्राचा वाटा निम्मा होतो. ही वाटणी हब तयार करतानाच बहुधा ठरलेली असते आणि खोक्यावर ती स्पष्ट लिहिलेली क्वचितच आढळते.

याचा परिणाम एका नेहमीच्या उदाहरणात पाहता येतो. लातूरच्या एखाद्या हिशेबनिसाने 27 इंची फोर-के मॉनिटर घेतला आणि स्वस्त टाइप-सी हबमधून एचडीएमआय केबलने तो लॅपटॉपला जोडला. चित्र स्वच्छ दिसते, अक्षरे रेखीव असतात. पण माउसचा बाण तुटक सरकतो आणि लांबलचक एक्सेलची पाने खाली-वर करताना ओळी अडखळत जातात. ग्राफिक्स कमजोर आहे, लॅपटॉप जुना झाला, असे निदान दुकानदार लगेच करतो आणि ते बहुधा चुकीचे असते. विंडोज 11 मध्ये Settings > System > Display > Advanced display येथे रिफ्रेश रेट पाहिला तर 60 ऐवजी 30 हर्ट्झ दिसतो, म्हणजे चित्र सेकंदाला साठऐवजी तीसच वेळा बदलत असते.

कारण हिशेबात सापडते. फोर-के चित्रात 3840 × 2160, म्हणजे सुमारे 83 लाख पिक्सेल असतात. प्रत्येकाला 24 बिट आणि सेकंदाला 60 चित्रे धरली तर अधलीमधली रिकामी जागा मिळून सेकंदाला सुमारे 12.5 गिगाबिट माहिती जावी लागते. टाइप-सीमधून चित्र डिस्प्लेपोर्ट या पद्धतीने जाते, आणि तिच्या 1.2 आवृत्तीच्या वेगाने चालणाऱ्या दोन मार्गिका उपयोगी अशी 8.64 गिगाबिटच माहिती नेतात. चारही मिळाल्या तर 17.28. त्यामुळे दोन मार्गिकांच्या हबला 30 हर्ट्झवर उतरण्यावाचून गत्यंतर नसते. हबमधला एचडीएमआय 1.4 प्रकारचा असला तरी मर्यादा तीच येते. लॅपटॉप आणि हब दोन्ही डिस्प्लेपोर्ट 1.4 चे असतील तर दोन मार्गिकांतही 60 हर्ट्झ जेमतेम बसते.

यावर सगळ्यांत स्वस्त उपाय असा की, लॅपटॉपवर स्वतंत्र एचडीएमआय 2.0 पोर्ट असल्यास मॉनिटर थेट त्याला जोडावा आणि कीबोर्ड, नेटवर्क तेवढे हबवर ठेवावे. एका केबलची मिजास जाते, पण काम सुरळीत होते. नव्याने खरेदी करणाऱ्याने फोर-केचा हट्ट न धरता 2560 × 1440 चा मॉनिटर घेणेही शहाणपणाचे ठरते. त्याला सुमारे 6 गिगाबिट पुरतात आणि साधा हबही ते सहज देतो. चित्र मुळीच उमटले नाही, तर आधी केबल बदलून पाहावी. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या टाइप-सी केबलमध्ये जलद मार्गिकांच्या तारा बहुधा नसतातच. ती चार्ज करते, चित्र नेत नाही.

विजेच्या बाबतीत हब आणि डॉक यांतला फरक मराठवाड्यात विशेष जाणवतो. हबला स्वतःचा अ‍ॅडॅप्टर नसतो. लॅपटॉपचा 65 वॅटचा चार्जर त्यातून जोडला तर हब 10 ते 15 वॅट स्वतःसाठी राखून उरलेले पुढे देतो आणि लॅपटॉप कधीकधी संथ चार्जिंगची सूचना दाखवतो. वीज गेल्यावर मात्र हब लॅपटॉपच्या बॅटरीवर चालू राहतो. स्वतंत्र अ‍ॅडॅप्टरचा डॉक लॅपटॉपला पुरेशी वीज देतो, पण वीज जाताच मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि नेटवर्क सगळे एकदम बंद पडते, आणि त्या क्षणी हार्ड डिस्कवर फाइल उतरत असेल तर ती बिघडू शकते. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी डॉक, मॉनिटर आणि राउटर यूपीएसवर किंवा घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचे बटण असल्यास ते चालू ठेवावे, नाहीतर वीज जाता-येता मॉनिटर क्षणभर काळा होतो आणि उघड्या खिडक्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर जाऊन एकावर एक साचतात. 600 व्हीएचा छोटा यूपीएस हा सगळा भार साधारण पाव तास ओढतो. काम जतन करण्यापुरता तो वेळ पुरतो, बैठक पूर्ण करण्यापुरता नव्हे.

धातूच्या लॅपटॉपला मनगट टेकले की मुंग्या येणे ही तक्रार उन्हाळ्यात वाढते. अ‍ॅडॅप्टरमधून झिरपणारा अत्यल्प प्रवाह अर्थिंगवाटे निघून जायला हवा. दोन पिनांच्या प्लगमध्ये ती वाटच नसते, आणि तीन पिनांचा प्लग असला तरी अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला तर ती निरुपयोगी होते. काळी जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळली की खड्ड्यातला संपर्क तुटतो. वायरमनकडून फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावून पाहावा. बल्ब मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर खड्ड्यात पाणी सोडावे आणि गरज असल्यास मीठ-कोळसा नव्याने भरावा. घरात गळती ओळखणारा आरसीसीबी असेल तर या तपासणीत तो पडतो. तेव्हा त्याला बिघाड समजू नये.

झाकण मिटून लॅपटॉप वापरायचा असल्यास विंडोजमध्ये झाकण बंद केल्यावर Do nothing हा पर्याय निवडावा लागतो. मॅकला त्यासाठी चार्जिंग आणि बाहेरचा कीबोर्ड-माउस साधारणतः जोडलेला असावा लागतो. मेच्या दुपारी खोलीचेच तापमान 38 अंशांवर असताना मात्र झाकण उघडेच ठेवलेले बरे, कारण अनेक लॅपटॉप काही उष्णता कीबोर्डच्या फटींतून बाहेर टाकतात. लॅपटॉप मॉनिटरच्या बाजूला उभ्या स्टँडवर ठेवला तर त्याच्या हवेच्या जाळ्या भिंतीकडे येणार नाहीत हे पाहावे.