कोरड्या लिटमसची विधान-कारण जोडी: पार्श्वभूमी

नागपुरात सीबीएसईच्या दहावीची तयारी करणाऱ्या मुलांच्या सरावसंचात आम्ल-आम्लारी धड्यावरची एक जोडी हमखास भेटते. विधान: कोरडा हायड्रोजन क्लोराइड वायू कोरड्या निळ्या लिटमसचा रंग बदलत नाही. कारण: हायड्रोजन क्लोराइडपासून हायड्रोनिअम आयन पाणी असेल तरच तयार होतात. पर्याय ठरलेले आहेत. (अ) दोन्ही बरोबर आणि कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण. (ब) दोन्ही बरोबर, पण कारण हे योग्य स्पष्टीकरण नाही. (क) विधान बरोबर, कारण चूक. (ड) विधान चूक, कारण बरोबर. इथे उत्तर (अ).

आपल्याकडच्या शिकवणी वर्गांत हा प्रश्नप्रकार रुळला तो मुख्यतः एम्सच्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेमुळे. नागपूर एम्सची २०१८ ची पहिली एमबीबीएस तुकडीही त्याच परीक्षेतून आली. २०२० पासून ती परीक्षा स्वतंत्र राहिली नाही, प्रवेश नीटमधून होऊ लागले. त्याच सुमारास सीबीएसईने दहावीच्या विज्ञानात हा प्रकार आणला. एक खाच मात्र राहिली. एम्सच्या जुन्या संचांत शेवटचा पर्याय ‘दोन्ही चूक’ असा सापडतो. दादा-ताईची जुनी पुस्तके वापरणारी मुले सवयीने (ड) ला तोच अर्थ लावतात आणि येत असलेल्या प्रश्नाचा गुण घालवतात.

पण खरी गोष्ट पर्याय (ब) ची आहे. विधान तेच ठेवा आणि कारण बदला: हायड्रोजन क्लोराइडच्या रेणूत ऑक्सिजन नसतो. हे वाक्य खरे आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी कुणी ते लव्हाझिएपुढे ठेवले असते, तर त्याला हा वायू आम्लच वाटला नसता. कारण प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतो आणि आम्लपणा त्याच्यामुळेच येतो, असे त्याचे मत होते. हायड्रोक्लोरिक आम्लातही ऑक्सिजन दडलेला असणार, असे तो धरून चालला होता. १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्यच आहे असे मांडले. मग या आम्लात उरले हायड्रोजन आणि क्लोरीन, आणि ऑक्सिजनचा दावा कोसळला. पाण्यात आयन सुटे होतात ही अऱ्हेनिअसची मांडणी आली १८८० च्या दशकात, आणि आजचा शालेय धडा तिच्यावरच उभा आहे.

म्हणजे ऑक्सिजनवाल्या कारणाचे उत्तर (ब). ते पाठ करण्यापेक्षा तपासून पाहावे. तोच लिटमस किंचित ओला करून त्याच वायूत धरला की तो लाल होतो. वायूच्या रेणूत ऑक्सिजन कोरड्या कागदाच्या वेळीही नव्हता, ओल्याच्या वेळीही नाही. जी गोष्ट दोन्ही वेळा सारखीच राहिली, ती रंगातला फरक समजावू शकत नाही. बदलले ते फक्त पाणी. (अ) की (ब) अशी अडचण आली, तर माझ्या मते याहून भरवशाची कसोटी नाही.

प्रयोगात मात्र हे विधान सहज बिघडते. कोरड्या मिठावर संहत सल्फ्युरिक आम्ल टाकून वायू काढतात. नागपूरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की कागद निळा राहायला फारशी खटपट लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतलीच वाफ कागदाला भिजवते आणि ‘कोरडा’ लिटमस लाल पडतो. म्हणून दमट दिवसांत वायू आधी कॅल्शिअम क्लोराइड भरलेल्या नळीतून नेतात; ते पाणी शोषून घेते. वर्गात कागद लाल झाला तर विधानाला खोटे ठरवण्याआधी ही नळी पाहावी.

जोडी तयार करणाऱ्यांकडून होणारी चूक वेगळी. ते कारण थोडे ताणून लिहितात: पाण्याशिवाय आम्ल-आम्लारी अभिक्रिया होतच नाही. दहावीचा मुलगा (अ) म्हणेल. पण हायड्रोजन क्लोराइड आणि अमोनिया हे दोन वायू भेटले की अमोनिअम क्लोराइडचा पांढरा धूर तयार होतो, आणि त्यासाठी त्यांना पाण्यात विरघळवावे लागत नाही. अऱ्हेनिअसच्या चौकटीत हे बसत नाही. १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारे, आम्लारी म्हणजे घेणारे असे मांडले, त्यात बसते. अकरावीतली बहीण त्याच जोडीला (क) म्हणेल, आणि तीच बरोबर असेल. कारणात नुसते ‘हायड्रोनिअम आयन’ एवढेच ठेवले, तर दोघांचे उत्तर एकच येते.