एव्हीएल उंची बघतं, डीएसडब्ल्यू नोड मोजतं

"डीएसडब्ल्यू हे एव्हीएलसारखंच एक सेल्फ-बॅलन्सिंग ट्री आहे." हे वाक्य मी नोट्समध्ये, मुलाखतीच्या तयारीच्या याद्यांमध्ये आणि उत्तरपत्रिकांमध्ये इतक्यांदा वाचलंय की आता एकदा सविस्तर लिहितोच. डीएसडब्ल्यू नावाचं ट्री अस्तित्वातच नाही. ती एक क्रिया आहे. आधीपासून असलेलं, कसंही वेडंवाकडं वाढलेलं बायनरी सर्च ट्री घ्यायचं आणि त्याच नोड्सचे पॉइंटर बदलून ते एकदाच सारखं करायचं. डे यांनी १९७६ मध्ये याची मूळ पद्धत मांडली. त्या पद्धतीला थ्रेडेड ट्री लागायचं, म्हणजे रिकाम्या पॉइंटरमध्ये क्रमाने पुढच्या नोडचा पत्ता ठेवलेलं ट्री. १९८६ मध्ये स्टाउट आणि वॉरन यांनी ती अट काढली आणि सगळ्यात खालची पातळी डावीकडून भरत येईल अशी सुधारणा केली. तिघांच्या आडनावांवरून डीएसडब्ल्यू.

एव्हीएल तुम्हाला येतं असं धरून चालतो. नोड घातला की वर जाताना उंची तपासायची, फरक दोन झाला की रोटेशन. डीएसडब्ल्यूमधलं रोटेशनही तेच, त्यात काडीचाही फरक नाही. आणि घोटाळा इथूनच सुरू होतो, कारण क्रिया ओळखीची दिसली की ती करण्याचं कारणही तेच असेल असं आपण गृहीत धरतो.

कारण वेगळं आहे. एव्हीएल प्रत्येक रोटेशनआधी विचारतं, "इथे तोल गेलाय का?" डीएसडब्ल्यू हा प्रश्न एकदाही विचारत नाही. त्याच्या नोडमध्ये उंची साठवलेली नसते, बॅलन्स फॅक्टर नसतो आणि डावी-उजवी बाजू कुठेही ताडून बघितली जात नाही. त्याला फक्त एकूण नोड किती एवढंच माहीत हवं. "डीएसडब्ल्यूमध्ये बॅलन्स फॅक्टर कसा काढायचा?" असं कोणी विचारलं की समजावं, गाडी पहिल्याच वळणावर चुकली आहे.

पहिला टप्पा तर एव्हीएलवाल्याला बघवणार नाही. त्यात ट्री मुद्दाम पूर्ण बिघडवायचं असतं. मुळापासून सुरुवात करायची. हातातल्या नोडला डावं मूल असेल तर उजवं रोटेशन, नसेल तर एक पाऊल उजवीकडे. शेवटी सगळे नोड चढत्या क्रमाने एका उजव्या साखळीत येतात. हा बॅकबोन, म्हणजे कणा. स्टाउट आणि वॉरन त्याला वेल म्हणतात आणि मला तोच शब्द आवडतो. प्रत्येक रोटेशनने वेलीत एका नोडची भर पडते, म्हणून या टप्प्यात जास्तीत जास्त n-1 रोटेशन होतात. या टप्प्याबद्दल एवढं पुरे.

खरी गंमत दुसऱ्या टप्प्यात आहे. १ ते ९ हे नोड वेलीत आहेत असं धरू. आता वेलीवरून उतरताना एक सोडून एक नोडवर डावं रोटेशन द्यायचं. रोटेशन किती, हे आधीच ठरलेलं असतं:

```
m = 2^floor(log2(n+1)) - 1
compress(root, n - m)
while m > 1:
    m = m / 2
    compress(root, m)
```

इथे `compress(root, k)` म्हणजे वेलीवरून उतरत अशी k रोटेशन देणं, `root` म्हणजे खऱ्या मुळाच्या वर ठेवलेला तात्पुरता नोड आणि भागाकार पूर्णांकाचा. `m` म्हणजे n मध्ये मावणारं सगळ्यात मोठं पूर्ण भरलेलं ट्री. आपल्या नऊमध्ये सातचं मावतं. उरले दोन, ते तळाच्या पातळीवर जाणार. म्हणून पहिल्या फेरीत फक्त दोन रोटेशन: २ वर येतो आणि १ त्याच्या डावीकडे लटकतो, ४ वर येतो आणि ३ त्याच्या डावीकडे. वेलीवर राहिले २, ४, ५, ६, ७, ८, ९. बरोबर सात.

पुढच्या फेरीत तीन रोटेशन. ४ हा २ च्या वर जातो आणि जाताना आपलं डावं मूल ३ हे २ च्या उजवीकडे देतो. ६ हा ५ च्या वर, ८ हा ७ च्या वर. वेलीवर ४, ६, ८, ९. शेवटच्या फेरीत एकच रोटेशन: ६ हा ४ च्या वर जातो, ५ हा ४ च्या उजवीकडे येतो. झालं. मुळाशी ६, खाली ४ आणि ८, त्याखाली २, ५, ७, ९, आणि तळाला १ आणि ३, अगदी डाव्या कोपऱ्यात. एकूण सहा रोटेशन, उंचीची तपासणी शून्य.

हेच नऊ आकडे चढत्या क्रमाने एव्हीएलमध्ये घाला. पाच रोटेशन होतात, मुळाशी ४ येतो आणि तळाला ७ आणि ९ असतात. पातळ्या इथेही चारच. आकार मात्र वेगळा, कारण एव्हीएलचा आकार नोड कोणत्या क्रमाने आले यावर ठरतो. डीएसडब्ल्यूला त्या इतिहासाशी देणंघेणं नाही. नोड नऊ असतील तर शेवटी आकार हाच.

आता ती चूक, जी मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. `n - m` ची पहिली फेरी "जादा" वाटते, म्हणून लोक ती गाळतात आणि सरळ n ला निम्मं करत सुटतात: ४, २, १. कागदावर करून बघा. मुळाशी ८ येतो. डावीकडे ४ आणि त्याच्याखाली सहा नोड, उजवीकडे एकटा ९. डाव्या बाजूची उंची तीन, उजव्या बाजूची एक. एव्हीएलचा नियमसुद्धा मोडला! पण पातळ्या मोजल्या तर त्या चारच भरतात, त्यामुळे फक्त एकूण उंची तपासणारी टेस्ट आरामात पास होते. म्हणून टेस्ट पातळीवार लिहावी: शेवटची सोडून प्रत्येक पातळी पूर्ण भरलेली हवी, आणि शेवटची डावीकडून भरलेली. नमुन्यालाही ७ किंवा १५ नोड घेऊ नयेत, तिथे पहिली फेरी शून्याची असते आणि चूक दिसतच नाही.

"एव्हीएल O(log n), डीएसडब्ल्यू O(n), म्हणून एव्हीएल वेगवान" ही तुलना तर मला अजिबात खपत नाही. पहिला आकडा एका नोडचा, दुसरा अख्ख्या ट्रीचा.

मग कोणतं कधी? घालणं-काढणं सतत चालू असेल तर एव्हीएल, त्यात वाद नाही. वर तयार झालेल्या ट्रीमध्ये १० आणि ११ घाला. ९ च्या उजवीकडे दोनची शेपूट लागते, आणि ती सरळ करायला डीएसडब्ल्यू परत येत नाही. एकदा सगळं भरून पुढे फक्त शोधच घ्यायचा असेल तर डीएसडब्ल्यू. "इनऑर्डर फिरून अ‍ॅरेत भरा आणि नव्याने बांधा" हा मार्गही O(n) चाच आहे आणि समजायला सोपा, पण त्याला n एवढी जागा लागते. शिवाय ते फिरणं रिकर्सिव्ह असेल आणि ट्री लाखो नोडांची एकच साखळी झालेलं असेल, तर स्टॅक तिथेच संपतो. डीएसडब्ल्यूमध्ये रिकर्शनच नाही, दोन-तीन पॉइंटरवर काम भागतं.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. काम चालू असताना मधल्या काळात तुमचं ट्री खरोखर एक लांब वेल असतं आणि पॉइंटर सारखे हलत असतात. त्या वेळात दुसरा थ्रेड शोधायला आला तर असलेली कीसुद्धा त्याला सापडेलच असं नाही. तेवढा वेळ ट्रीला लॉक लावून ठेवा.