एकाच निळ्या रंगाचे दोन शर्ट वेगळे का दिसतात

"फक्त शर्ट-पॅन्टच घालतोस तर रंग तरी वाढव" हा सल्ला मला इतक्यांदा मिळालाय की आता त्याचं उत्तर लिहूनच टाकतो. रंग वाढवले की जोड्या जुळेनाशा होतात, कपाट भरतं आणि घालायला मात्र काही सापडत नाही. शर्टांचे रंग दोन-तीनच ठेवा आणि कापडाचं विणकाम बदला.

आता माझा आवडता भाग. कापडात उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. पॉपलिनमध्ये बाणा एका ताण्यावरून, पुढच्याखालून असा जातो, म्हणून कापड सपाट आणि गुळगुळीत. ट्विलमध्ये तो दोन-तीन धाग्यांवरून उडी मारतो आणि ही उडी दर ओळीत एक घर सरकते, त्यामुळे तिरकी रेघ उमटते, आणि धाग्याचा लांब तुकडा वर राहिल्यामुळे मंद चमक येते. ऑक्सफर्डमध्ये साधारणपणे दोन बारीक रंगीत ताणे जोडीने आणि बाणा जाड पांढरा, म्हणून जवळून बघितलं तर निळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची जाळी दिसते. फ्लॅनेलचे तंतू ब्रशने उपसून वर काढलेले असतात, त्यांच्यावर प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि चमकच जाते. शर्ट खिडकीशी आडव्या उजेडात धरा, प्रत्येक उंचवट्याची सावली दिसेल. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत ती सावलीच नसते, म्हणून ऑनलाइन फोटोवरून टेक्स्चर कळत नाही. आणि हे काळ्या रंगात फारसं चालत नाही, काळा बहुतेक प्रकाश गिळतो, सावली दिसणार कशावर?

बारीक धागा म्हणजे भारी शर्ट, ही जाहिरात मात्र डोक्यातून काढा. बारीक धाग्याचं कापड मऊ असतं, पण चुरगळतंही लवकर.

हिशोब असा. पांढरा पॉपलिन आणि फिका निळा ऑक्सफर्ड हे आतले, निळा जाड ट्विल आणि करडा फ्लॅनेल हे बटणं उघडी ठेवून वरून घालायचे. पॅन्ट तीन: करडी लोकरीची, नेव्ही कॉटन ट्विल, तपकिरी कॉर्डरॉय. एकेकटे घातले तर 4 × 3 = 12 जोड्या, आणि वरचे दोन आतल्या दोनांवर चढवले की 2 × 2 × 3, म्हणजे अजून 12. सात कपड्यांत चोवीस!

आत गुळगुळीत आणि वर खरखरीत हा क्रम उलटा करू नका, आत फ्लॅनेल घातलं की वरच्या शर्टाची बाही त्याला अडकून गोळा होते. ऊब कापडापेक्षा मध्ये अडकलेल्या स्थिर हवेची जास्त असते, त्यामुळे वरचा शर्ट छातीत चार-पाच सेंटीमीटर सैल हवा. घट्ट असला तर हवा दाबली जाते आणि नुसतं ओझं उरतं. हात डोक्यावर न्या, आतला शर्ट वरच्याबरोबर ओढला जाऊन पॅन्टमधून बाहेर आला तर वरचा एक साइझ मोठा घ्या. आणि घाम आला की वरचा शर्ट लगेच काढा, पाणी हवेच्या वीसपटींहून जास्त उष्णता वाहून नेतं, एकदा सुती कापड भिजलं की तेच दोन थर थंड लागायला लागतात.