लॉस 1.33 वर का अडकतो?

कॅलिफोर्नियातल्या घरांच्या किमतींचा एक डेटासेट मशीन लर्निंग शिकणाऱ्या बहुतेकांच्या हाताखालून जातो. 1990 च्या जनगणनेवर बेतलेला, 20,640 ओळींचा. प्रत्येक ओळ म्हणजे एक छोटा भाग: तिथल्या लोकांचं उत्पन्न, घरांचं वय वगैरे 8 गोष्टी, आणि घराची किंमत लाख डॉलरमध्ये. साधं रेषीय समीकरण बसवलं तरी अंदाजातल्या चुकीच्या वर्गाची सरासरी 0.53 च्या आसपास येते.

आता हेच काम पायटॉर्चमध्ये न्यूरल नेटवर्क लिहून करायचं ठरवलं. लॉस, म्हणजे चुकीच्या वर्गाची हीच सरासरी, सुरुवातीला भराभर उतरतो आणि 1.33 जवळ येऊन थांबतो. थर वाढवा, लर्निंग रेट बदला, रात्रभर चालवा, आकडा हलत नाही. एररही येत नाही. गडबड या एका ओळीत असू शकते:

```
loss = ((pred - y) ** 2).mean()
```

ओळ बरोबर दिसते, आणि गणित म्हणून ती बरोबरच आहे. फक्त 64 उदाहरणांच्या एका बॅचसाठी अंदाजांचा, म्हणजे `pred` चा, आकार आहे `(64, 1)` आणि खऱ्या किमतींचा, म्हणजे `y` चा, `(64,)`. नेटवर्कचा शेवटचा थर प्रत्येक उदाहरणासाठी एक ओळ देतो, त्यामुळे 64 अंदाज एका उभ्या स्तंभात येतात. खऱ्या किमती मात्र फाइलमधून साध्या यादीसारख्या आलेल्या असतात. स्क्रीनवर दोन्हीकडे 64 आकडे, म्हणून शंकाही येत नाही.

आकार जुळत नसले की पायटॉर्च ब्रॉडकास्टिंग करतं. दोन्ही आकार उजव्या टोकापासून जुळवून पाहायचे, जिथे मापच नाही तिथे 1 धरायचा, आणि 1 असेल ती बाजू ताणून समोरच्याएवढी करायची. या नियमाने `(64,)` ची `(1, 64)` अशी आडवी ओळ होते. उभ्या स्तंभातून आडवी ओळ वजा केली की उरतो 64 × 64 चा चौकोन. म्हणजे प्रत्येक अंदाज स्वतःच्या एका किमतीऐवजी सगळ्याच्या सगळ्या 64 किमतींशी ताडला गेला.

याचा परिणाम तीन आकड्यांवर करून पाहू. खऱ्या किमती 2, 4, 6 आणि मॉडेलचे अंदाजही अचूक 2, 4, 6. लॉस शून्य यायला हवा. पण चौकोनातल्या फरकांचे वर्ग असे येतात: 0, 4, 16, 4, 0, 4, 16, 4, 0. बेरीज 48, भागिले 9, म्हणजे 5.33. आता मॉडेलने डोळे मिटून तिन्ही ठिकाणी 4 सांगितलं तर? प्रत्येक ओळीत 4, 0, 4. एकूण 24, सरासरी 2.67. अचूक उत्तराला जास्त दंड, आणि सरसकट सरासरी सांगणाऱ्याला कमी!

हे या तीन आकड्यांपुरतं नाही. विचरण म्हणजे आकडे आपल्या सरासरीपासून किती दूर आहेत त्या अंतरांच्या वर्गांची सरासरी. चौकोनाची सरासरी नेहमी तीन भागांत फुटते: अंदाजांचं विचरण, खऱ्या किमतींचं विचरण आणि दोन्हींच्या सरासरींतल्या फरकाचा वर्ग. मधला भाग मॉडेलच्या हातात नाही. उरलेले दोन शून्य करायचा एकच मार्ग आहे: प्रत्येक घराला तीच सरासरी किंमत सांगणं. मॉडेल निमूटपणे तेच शिकतं. कॅलिफोर्नियाच्या किमतींचं विचरण आहे सुमारे 1.33. लॉस अडकला तो इथेच. म्हणून लॉस लक्ष्याच्या विचरणावर येऊन थांबला आणि अंदाज जवळजवळ एकसारखे झाले, तर मी सर्वांत आधी आकार छापून बघेन.

पण मॉडेल इतर कारणांनीही सरासरीवर अडकू शकतं, त्यामुळे खात्री करायला मला एक चाचणी फार आवडते. एकच बॅच घ्या, अंदाज तसेच ठेवा आणि `y` मधल्या आकड्यांची आपसांत अदलाबदल करून लॉस पुन्हा काढा. ब्रॉडकास्टिंग झालं असेल तर शेवटच्या दशांशातला किरकोळ फरक सोडता लॉस तोच येतो, कारण कोणता अंदाज कोणत्या घराचा ही जोडीच हरवलेली असते. बॅचचा आकार 1 केला तर दोष नाहीसा होतो, कारण 1 × 1 च्या चौकोनात चुकीची जोडी लागायला जागाच नसते.

मेमरीवरून हे सहसा कळत नाही. 64 चा चौकोन म्हणजे 4,096 आकडे, अगदीच किरकोळ. सगळा डेटा एकदम दिला तरच 42 कोटींहून जास्त आकडे, म्हणजे सुमारे 1.7 जीबी लागतात आणि काहीतरी बिनसल्याचं जाणवतं.

पायटॉर्चचं तयार `mse_loss` वापरलं तर आकार वेगळे असल्याची वॉर्निंग येते, पण गणना पुढे चालूच राहते आणि ट्रेनिंगच्या लांबलचक लॉगमध्ये ती वॉर्निंग वाहून जाते. `BCEWithLogitsLoss` मात्र अशा वेळी सरळ एरर देऊन थांबतं, आणि मला तेच वागणं योग्य वाटतं. हाताने लिहिलेल्या वजाबाकीला यातलं कुठलंच संरक्षण नाही. तिथे या दोन ओळी लागतात:

```
pred = pred.squeeze(-1)
assert pred.shape == y.shape
```

`squeeze` ला `-1` आवर्जून द्यावा. तो न देता नुसतं `squeeze()` लिहिलं तर 1 मापाच्या सगळ्याच बाजू गळतात, आणि शेवटच्या बॅचमध्ये एकच उदाहरण उरलं असेल तर बॅचची बाजूही जाते. आणि मॉडेल तपासताना अचूकता मोजणारी ओळ वेगळी लिहिलेली असेल, तर आकारांची ही तुलना तिथेही करावी लागते. `pred == y` सुद्धा असाच चौकोन बनवतं.