कडं जाड केलं म्हणून वेग वाढवता येत नाही

“फ्लायव्हीलचं कडं दुप्पट जाड केलं, तर ते जास्त आरपीएमला टिकेल ना?”

नाही. सातपूरच्या वर्कशॉपांत हा समज वर्षानुवर्षं ऐकतोय. चूक कुठे होते ते कड्याचा एक छोटा तुकडा पाहिला की कळतं.

तुकडा केंद्राशी Δθ एवढा कोन करतो. त्याच्या दोन्ही टोकांना शेजारचा भाग T या ताणाने ओढतो. या दोन ओढी समोरासमोर नसतात, दोन्ही किंचित आत झुकलेल्या असतात, म्हणून केंद्राकडे TΔθ एवढं बल उरतं. तुकड्याला गोल फिरवणारं अभिकेंद्री बल हेच. बाहेर ढकलणारं वेगळं काही शोधायला नको.

घनता ρ, छेदाचं क्षेत्रफळ A, त्रिज्या r आणि कडेचा वेग v धरला, तर तुकड्याचं वस्तुमान ρArΔθ, त्वरण v²/r. म्हणून T = ρAv².

छेदाचं क्षेत्रफळ A दुप्पट केलं की ताण पेलणारं लोखंड दुप्पट होतं, पण ताणही दुप्पट होतो! दर चौरस मिलिमीटरवरचा भार ρv² तसाच राहतो.

अर्धा मीटर त्रिज्येचं पोलादी कडं 3000 आरपीएमला फिरवा. कडेचा वेग सेकंदाला 157 मीटर, घनता घनमीटरला 7800 किलो, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे 192 न्यूटन. साधं पोलाद 250 च्या आसपास कायमचं ताणलं जाऊ लागतं, म्हणजे साधारण 3400 आरपीएमला. कडं जाड असो वा बारीक.

हे पातळ, आऱ्यांविना कड्याचं गणित आहे. आरे असले की त्यांच्या सांध्यांपाशी वाकण्याचा ताण वेगळा धरावा लागतो.